पानशेत पूर आणि गोखलेनगर: प्रकल्पाचे उपप्रश्न व तेरा आठवड्यांचे वेळापत्रक

तृतीय वर्ष कला, भूगोल. कालावधी: ५ जानेवारी ते ४ एप्रिल २०२६.

आदरणीय मॅडम,

मी प्रथम सुचवलेला ‘पानशेत पुराचा पुण्यावरील परिणाम’ हा विषय तीन महिन्यांत आटोपणार नाही, हे आपले म्हणणे मला पटले. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत आणि त्यानंतर काही तासांनी खडकवासला धरण फुटले. धरण का फुटले हा अभियांत्रिकीचा आणि चौकशी आयोगाचा प्रश्न असल्याने त्याला अहवालात एकच परिच्छेद देईन. व्यापार, पाणीपुरवठा व नदीकाठचे पूल हे भागही वगळले आहेत. उरलेला प्रश्न असा: नदीकाठच्या पेठांतून उठून गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत आलेल्या कुटुंबांचे राहणे कसे बदलले?

या प्रश्नाचे मी चार भाग केले आहेत. पहिला, ही कुटुंबे कोणत्या पेठेतून आणि कशा घरांतून आली. म्हणजे ती वाड्यातली भाडेकरू होती की मालक. दुसरा, वसाहतीत त्यांना काय व कोणत्या अटींवर मिळाले. तिसरा, कामाचे ठिकाण, शाळा आणि मंडई यांचे अंतर किती वाढले व ते कसे कापले जाई. चौथा, वसाहतीत मिळालेल्या मूळ घरात पुढे काय वाढवले गेले.

यांतील चौथा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा पुरावा अजून उभा आहे. डिसेंबरमध्ये पाहिलेल्या एका घरात मूळची भिंत आता स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधोमध आली आहे, आणि तिच्यातील जुन्या खिडकीच्या जागी फडताळ केले आहे. अशा दहा घरांचे फितीने मोजून आराखडे काढायचे आहेत. दहाच, कारण एका घराला अर्धा दिवस लागतो.

पहिल्या भागात एक अडचण आहे. १९६१ ची जनगणना मार्चमध्ये, म्हणजे पुरापूर्वी चार महिने झाली आणि पुढची १९७१ मध्ये. त्यामुळे स्थलांतराचे नेमके वर्ष त्या आकड्यांत सापडणार नाही. दोन्ही जनगणना केवळ पार्श्वभूमीसाठी वापरून मुख्य भर मुलाखतींवर ठेवेन.

आधी कागदपत्रे आणि मग मुलाखती, असा नेहमीचा क्रम मी मुद्दाम उलटा केला आहे. पुराच्या वेळी दहा वर्षांची असलेली व्यक्ती आज चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर वर्षांची आहे. वृत्तपत्रांच्या फायली थांबतील, ही माणसे थांबतीलच असे नाही.

आठवडा १ (५ जानेवारीपासून): प्रश्नावली, संमतीपत्र आणि दोन चाचणी मुलाखती. प्रश्नावलीचा मसुदा शुक्रवारी आपल्याला दाखवेन.

आठवडे २ ते ५: पंधरा मुलाखती, आठवड्याला चार या हिशेबाने, एक वार हुकला तरी सोळाची जागा असल्याने वेळापत्रक कोसळत नाही. प्रत्येक मुलाखत त्याच रात्री उतरवून काढायची, कारण मागच्या वर्षीच्या क्षेत्रभेटीत सगळ्या ध्वनिफिती शेवटी उतरवायला ठेवल्या आणि अर्धी नावे कळेनाशी झाली.

आठवडा ६ (९ फेब्रुवारीपासून): तिसऱ्या भागासाठी मुलाखतींतले रस्ते नकाशावर मांडणे. याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा असल्यामुळे याहून अधिक काही ठेवलेले नाही.

आठवडे ७ व ८: घरांची मोजणी. ज्यांच्याकडे मुलाखत झाली त्यांचीच घरे शक्यतो निवडेन, म्हणजे भिंत कधी व का पाडली हे तिथेच विचारता येईल.

आठवडा ९: जुलै ते डिसेंबर १९६१ मधील ‘केसरी’ आणि ‘सकाळ’ यांच्या फायली. होळीमुळे प्रत्यक्ष चारच दिवस मिळतील असे धरले आहे.

आठवडा १०: घरांच्या अटींविषयी सरकारी व महापालिकेचे कागद. त्यासाठीचा अर्ज मात्र पहिल्याच आठवड्यात करणार आहे. कागद वेळेत मिळाले नाहीत तर दुसरा भाग कुटुंबांकडील पावत्या व करारपत्रांवर लिहीन, आणि तसे अहवालात स्पष्ट नमूद करेन.

आठवडे ११ व १२: लेखन. १९ मार्चला पाडवा आहे. त्याआधी चौथा भाग आणि २८ मार्चपर्यंत उरलेले तीन भाग आपल्या हाती देईन.

आठवडा १३: आपल्या दुरुस्त्या, नकाशांची अंतिम प्रत आणि बांधणी.

पाचव्या आठवड्याअखेर मुलाखती दहाच्या खाली राहिल्या, तर तिसरा भाग गाळून चौथ्या भागासाठी घरांची संख्या बारा करावी असा माझा विचार आहे. याला आपली संमती आहे का, हे सोमवारच्या भेटीत कळावे, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी