अत्यावश्यक औषधे, औषधांचा तर्कसंगत वापर आणि निश्चित मात्रेच्या औषध-मिश्रणांची चिकित्सा

जागतिक आरोग्य संघटनेने 1977 साली अत्यावश्यक औषधांची पहिली आदर्श यादी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे 200 औषधे होती. त्या काळी बाजारात हजारो औषधे उपलब्ध असताना इतकी छोटी यादी पुरेशी ठरेल, हे म्हणणेच धाडसाचे होते. पुढच्याच वर्षी अल्मा-अटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेच्या घटकांमध्ये अत्यावश्यक औषधांच्या पुरवठ्याचा समावेश केला आणि या कल्पनेला धोरणाचे बळ मिळाले. लोकसंख्येच्या अग्रक्रमाच्या आरोग्यविषयक गरजा भागवणारी औषधे म्हणजे अत्यावश्यक औषधे, अशी त्यांची व्याख्या केली जाते. आजाराचे प्रमाण, परिणामकारकता व सुरक्षितता यांचा पुरावा आणि खर्चाच्या तुलनेत मिळणारा लाभ या निकषांवर त्यांची निवड होते. शिवाय चालू आरोग्यव्यवस्थेत ही औषधे सदैव, पुरेशा प्रमाणात, योग्य स्वरूपात आणि खात्रीच्या गुणवत्तेसह उपलब्ध असावीत, अशी अपेक्षा असते.

अत्यावश्यक म्हणजे स्वस्त आणि जुनी औषधे, असा एक गैरसमज आहे. ही यादी दर दोन वर्षांनी सुधारली जाते. 2002 साली एचआयव्हीवरील औषधांचा गट तिच्यात आला, 2007 पासून मुलांसाठी स्वतंत्र यादी निघू लागली आणि 2015 साली हिपॅटायटिस-सी वरील सोफोसबुव्हिरसारखे तेव्हा अतिशय महागडे असलेले औषधही समाविष्ट झाले. किंमत जास्त आहे म्हणून गरजेचे औषध वगळायचे नसते. यादीत आल्यानंतर ते परवडेल अशा किमतीला कसे मिळवायचे, हे पाहणे व्यवस्थेचे काम असते. 2017 मध्ये प्रतिजैविकांची ॲक्सेस म्हणजे सहज उपलब्ध ठेवायची, वॉच म्हणजे जपून वापरायची आणि रिझर्व्ह म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखायची अशा तीन गटांत विभागणी करण्यात आली. औषध यादीत आहे एवढ्यावर न थांबता ते कधी वापरावे आणि कधी राखून ठेवावे, हेही त्यामुळे सांगता येऊ लागले.

येथे तर्कसंगत वापराचा प्रश्न येतो. 1985 च्या नैरोबी परिषदेनंतर रूढ झालेल्या व्याख्येनुसार रुग्णाला त्याच्या आजाराला योग्य असे औषध, त्याच्या वैयक्तिक गरजेनुसार मात्रेत, पुरेशा कालावधीसाठी आणि त्याला व समाजाला कमीत कमी खर्चात मिळणे म्हणजे तर्कसंगत वापर होय. जगभरात निम्म्याहून अधिक औषधे अयोग्य रीतीने लिहिली, दिली किंवा विकली जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. याची पाहणी करण्यासाठी प्रत्येक भेटीत सरासरी किती औषधे लिहिली गेली, किती रुग्णांना प्रतिजैविक किंवा इंजेक्शन मिळाले, किती औषधे मूळ नावाने आणि किती अत्यावश्यक यादीतून लिहिली गेली, असे निर्देशक वापरतात. माझ्या मते हे निर्देशक उपयुक्त असले तरी ते फक्त खुणा दाखवतात. दोष नेमका कुठे आहे, हे एखादे प्रिस्क्रिप्शन ओळ-ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून विश्लेषणासाठी एक काल्पनिक प्रिस्क्रिप्शन घेऊ. चार वर्षांच्या, 14 किलो वजनाच्या मुलाला दोन दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होत आहेत. शौचात रक्त नाही, ताप सौम्य आहे आणि शोष थोडाच आहे. त्याला ऑफ्लोक्सॅसिन व ऑर्निडॅझोल यांचे एकत्रित सस्पेन्शन, म्हणजे घटक ठराविक प्रमाणात एकत्र असलेले निश्चित मात्रेचे मिश्रण, आणि उलटीचे औषध लिहून दिले आहे. ओआरएसचा उल्लेख नाही. लहान मुलांचे असे जुलाब बहुधा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर मिश्रणातील दोन्हींपैकी एकाचाही उपयोग नसतो. जिवाणूजन्य आव असेल तर ऑफ्लोक्सॅसिनसारख्या फ्लुओरोक्विनोलोनचा विचार होऊ शकतो आणि अमिबा किंवा जिआर्डिया हे परजीवी असतील तर ऑर्निडॅझोलसारख्या नायट्रोइमिडॅझोलचा. पण दोन्ही संसर्ग एकाच वेळी असणे विरळा. म्हणजे निदान कोणतेही निघाले तरी मिश्रणातील किमान एक घटक जवळजवळ नेहमीच अनावश्यक ठरतो. मिश्रण येथे निदानाची जागा घेते, आणि माझा मुख्य आक्षेप नेमका यावरच आहे. त्या अनावश्यक घटकाचे दुष्परिणाम मात्र मुलाला सोसावे लागतात आणि त्याच्या आतड्यातील जिवाणूंवर प्रतिरोधाचा, म्हणजे औषधाला दाद न देणारे बनण्याचा, दबाव वाढतो.

या मुलाला खरी गरज आहे ती ओआरएस आणि जस्ताची. जस्त रोज 20 मिलिग्रॅम याप्रमाणे 10 ते 14 दिवस द्यावे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ओआरएस हेही निश्चित मात्रेचे मिश्रणच आहे. एक लिटर द्रावणासाठी 2.6 ग्रॅम सोडियम क्लोराइड, 13.5 ग्रॅम निर्जल ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असे त्याचे प्रमाण असते. लहान आतड्यातील वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्रच आत घेते व त्यांच्यामागे पाणी शोषले जाते, म्हणून दोन्ही घटक हवेतच. पोटॅशियम जुलाबातून वाया गेलेले क्षार भरून काढते आणि सायट्रेट आम्लता कमी करते. प्रत्येक घटकाला कारण आहे, आणि त्याच्या प्रमाणालाही कारण आहे. एकाच मुलासाठी सुचवलेल्या या दोन मिश्रणांमधला फरक हाच मिश्रणे पारखण्याचा निकष होय.

याच निकषावर काही मिश्रणे पूर्णपणे टिकतात. क्लॅव्हुलॅनिक आम्ल जिवाणूंच्या बीटा-लॅक्टमेज या औषध निकामी करणाऱ्या विकराला रोखून अमॉक्सिसिलिनचे रक्षण करते. पार्किन्सनच्या आजारात कार्बिडोपामुळे लेव्होडोपा मेंदूबाहेर वाया जात नाही. क्षयरोगावरील चार औषधांच्या गोळीत रिफॅम्पिसिन 150, आयसोनियाझिड 75, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम असते. त्यामुळे रुग्ण एखादेच औषध घेऊन बाकीची टाळू शकत नाही आणि प्रतिरोधाचा धोका घटतो. आम्लाच्या सान्निध्यात आयसोनियाझिडबरोबर रिफॅम्पिसिनचे विघटन वाढू शकते, म्हणून अशा गोळीची जैवउपलब्धता, म्हणजे औषधाचा किती भाग रक्तात पोहोचतो हे, तपासणे आवश्यक ठरते. चांगल्या मिश्रणालाही पुराव्यातून सूट नाही.

याउलट अँपिसिलिन व क्लॉक्सॅसिलिन यांच्या 250-250 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचे समर्थन करता येत नाही. पेनिसिलिन निकामी करणारे पेनिसिलिनेज हे विकर बनवणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूवर अँपिसिलिन निरुपयोगी असते, तर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर क्लॉक्सॅसिलिन. या दोन्हींपैकी जंतू कोणताही असो, 500 मिलिग्रॅमपैकी 250 मिलिग्रॅमच कामाचे उरतात. खोकल्याच्या काही औषधांत कफ सैल करून बाहेर काढणारा घटक आणि खोकला दाबणारा घटक शेजारी शेजारी असतात. त्यांचे हेतूच परस्परविरोधी आहेत. मधुमेहात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची मात्रा वेगवेगळ्या वेगाने वाढवावी किंवा कमी करावी लागते, पण एकत्र गोळीत एकाची मात्रा बदलली की दुसऱ्याचीही बदलते. मात्रा स्थिरावल्यावर सोयीसाठी अशी गोळी देणे समजू शकते. उपचाराची सुरुवातच तिने करणे मला पटत नाही. 2019 साली संघटनेने प्रतिजैविकांच्या वर्गीकरणात शिफारस न केलेल्या मिश्रणांचा वेगळा गट केला, तो याच विचारातून.

औषध देणाऱ्या फार्मासिस्टसमोर हा प्रश्न रोज येतो. सर्दीच्या मिश्रणात 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते आणि रुग्ण तापासाठी वेगळ्या नावाची पॅरासिटामॉलची गोळीही घेत असतो. दोन्ही दिवसातून चार-चार वेळा घेतल्यास, वेगळी गोळी 650 मिलिग्रॅमची असेल तर बेरीज 4.6 ग्रॅम होते, म्हणजे प्रौढांसाठीची 4 ग्रॅमची कमाल मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि यकृताला इजा होण्याचा संभव निर्माण होतो. व्यापारी नावांमध्ये हा दुहेरी वापर दिसत नाही. म्हणून औषध देताना पट्टीवरील प्रत्येक घटक व त्याची मात्रा वाचावी, रुग्ण आधीपासून काय घेत आहे हे विचारावे, आणि घटक दोनदा येत असल्यास औषध देण्यापूर्वी लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.