हरवली आहे : संदीपची अक्कल

सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शनिवार पेठेतल्या सर्व अभ्यासिका, मेस, झेरॉक्सवाले व चहावाले यांना या जाहीर सूचनेने कळविण्यात येते की, आमचा रूममेट संदीप (मूळ गाव जिंतूर तालुक्यातलं, ओळखीच्या लोकांत 'संद्या') याची अक्कल गुरुवारी संध्याकाळपासून बेपत्ता आहे. उद्या रविवारी राज्यसेवा पूर्व परीक्षा आहे. सकाळी दहाला पहिला पेपर. त्याआधी ती मिळणं अत्यंत गरजेचं आहे.

वर्णन : वय सत्तावीस वर्षं, म्हणजे संद्याइतकंच. बांधा मजबूत, स्वभाव शांत. आवाज चढवत नाही. बोलण्यात परभणीचा हेल. महिनाअखेरीला मेसचे पैसे कमी पडले की कुठून कापायचे, हे वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत मांडून दाखवते. आयोगाच्या जाहिरातीतली बारीक अक्षरातली सूचनासुद्धा शेवटपर्यंत वाचते. चार चुकीची उत्तरं एक बरोबर उत्तर खातात, हे गणित अभ्यासिकेतल्या निम्म्या पोरांना तिनेच समजावलं आहे. मागच्या पूर्वच्या वेळी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत सगळे झाडाखाली उत्तरं जुळवत रडकुंडीला आले होते, तेव्हा संद्याला बाजूला नेऊन डबा खायला लावणारी आणि वीस मिनिटं डोळे मिटायला लावणारी तीच. दुपारी सीसॅटचे उतारे त्याने इतक्या थंड डोक्याने सोडवले, ते तिच्यामुळे.

शेवटचं दर्शन : गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, पेरुगेटजवळच्या चहाच्या टपरीवर. लातूरहून आलेली, पहिल्यांदाच परीक्षेला बसणारी एक मुलगी घाबरून काय काय न्यायचं ते विचारत होती. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, काळ्या शाईची दोन बॉलपेनं, मोबाईल खोलीवरच, आणि आदल्या दिवशी केंद्र बघून ये, असं सगळं संद्याने तिला नीट सांगितलं. त्यानंतर ती अक्कल कोणी पाहिलेली नाही.

रात्री साडेदहाला कुठल्याशा ग्रुपवरून 'येणारच असे ५०० प्रश्न' नावाची पीडीएफ आली. दोन वर्षं स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स त्याने कॉटखाली सरकवल्या आणि ती पीडीएफ प्रिंट करायला धावला. शुक्रवारी सकाळपर्यंत जागा होता. त्या प्रश्नांतली काही उत्तरं सरळसरळ चुकीची आहेत, हे मी दाखवलं, तर म्हणाला, "आयोगाला हेच उत्तर अपेक्षित असेल." ज्याने स्वतः तीन वेळा हरकती नोंदवल्या, तो माणूस हे बोलतो!

शुक्रवारी दुपारी कोणीतरी सांगितलं म्हणून टेबल पूर्वेकडे फिरवलं. आता खिडकीचा उजेड पाठीवर येतो आणि पुस्तकावर त्याचीच सावली पडते. मेसला जाणं बंद, कारण जेवलं की झोप येते. केळी आणि कॉफीवर चाललंय. आधार कार्ड झेरॉक्स मशीनच्या काचेवर विसरून आला. दुकानदार काका ओळखीचे म्हणून ते मला परत मिळालं. काका, तुमचे उपकार आहेत.

सगळ्यात काळजीची गोष्ट शुक्रवारी रात्रीची. लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्याने मोबाईल मित्राकडे ठेवायला दिला. तो मित्र हडपसरला राहतो. आणि रविवारी पहाटे पाचचा गजर त्याच मोबाईलमध्ये लावलेला आहे.

आज सकाळी त्याला केंद्र बघायला पाठवलं, तर एकाच संस्थेच्या दोन शाळांपैकी भलतीच बघून आला. प्रवेशपत्रावरचा पत्ता मी मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा कुठे चेहरा पडला. दुपारी मी स्वतः जाऊन बरोबर शाळा, गेट आणि बसथांबा बघून आलोय. त्यामुळे तेवढी काळजी मिटली.

काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, सकाळी मला फोन आला. "जेवतोय का रे तो?" एवढंच विचारलं. सोयाबीनच्या पैशातून दरमहा खोलीभाडं पाठवणाऱ्या माणसांना मी काय सांगणार? हो म्हणालो. म्हणून आज रात्री तो जेवलाच पाहिजे. मेसच्या मावशींना साधा वरणभात बाजूला काढून ठेवायला सांगितलंय.

कोणाला एखादी अक्कल सापडली आणि ती संद्याचीच का याची खात्री करायची असेल, तर तिला विचारा : पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत अर्धा कोण? "नाना फडणवीस" हे उत्तर तर सगळेच देतील. खरी ओळख पुढे आहे. आमची अक्कल सखारामबापू, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत ही तीन नावंही सांगेल, आणि वर म्हणेल, "आता पुस्तक मिट, हे तुला येतंय." असं म्हणाली तर तीच. ताबडतोब घेऊन या.

शोध घेण्यासारख्या जागा : अभ्यासिकेतली खिडकीजवळची चौथी खुर्ची, जिथे तो दोन वर्षं बसला. कॉटखालच्या नोट्सची चळत. मला वाटतं ती तिथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून मी ती चळत काढून त्याच्या उशाशी ठेवली आहे. चरायला गेली असेल तर पर्वतीच्या बाजूलाही बघावं, कारण डोकं भरलं की पहाटे तो तिकडेच पायऱ्या चढायला जायचा.

एक विनंती. ती सापडेपर्यंत संद्याला नवा प्रश्नसंच, चालू घडामोडींचा नवा अंक किंवा 'यंदा कट-ऑफ किती लागेल' हा विषय, यातलं काहीही देऊ नये. 'पेपर पुढे ढकलला म्हणे' असं तर चुकूनही बोलू नये. अशी काही सूचना असेल तर ती आयोगाच्या संकेतस्थळावर येते, टपरीवर नाही. भेटला तर फक्त एवढंच सांगा की त्याला पुष्कळ येतं. हे खरं आहे. या खोलीत निम्मा इतिहास आणि सगळी राज्यघटना मी त्याच्याकडून शिकलोय.

बक्षीस : आणून देणाऱ्याला सोमवारी सकाळी दोन क्रीमरोल व स्पेशल चहा, आणि पुढच्या रविवारी मेसची फीस्ट माझ्याकडून. स्वतःहून परत आली तर तिला कोणीही जाब विचारणार नाही. कुठे होतीस, का गेलीस, काही नाही.

आज रात्री दहाच्या आत आणावी. दहानंतर दिवा बंद होईल आणि संद्या झोपलेला असेल, तेव्हा त्याला उठवू नये. माझ्या हातात द्यावी. मी पहाटे पाचला त्याला चहाबरोबर देईन.

संपर्क : वाड्याचा दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडची खोली. कडी हळू वाजवावी.

आपला,
संद्याचा रूममेट

ता. क. : हडपसरहून आज संध्याकाळी कोणी पेठेत येत असेल तर त्या मित्राकडून मोबाईल घेऊन यावा. तोवर मी शेजारच्या आजोबांचं चावीचं घड्याळ मागून आणलंय. गजर लावून बघितला, वाजतो.