खोलीत छोटा संगणक चोवीस तास चालू ठेवण्याच्या परवानगीसाठी विनंती अर्ज

दिनांक: 12 ऑगस्ट 2024

प्रति,
मा. अधीक्षक,
मुलांचे वसतिगृह

अर्जदार: ओंकार देशमुख, खोली क्र. 214, संगणकशास्त्र, अंतिम वर्ष

विषय: खोलीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक सतत चालू ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, माझ्या प्रकल्पासाठी खिडकीपाशी लावलेल्या सेन्सरवरून तापमान आणि आर्द्रता दर पाच मिनिटांनी नोंदवायची आहे. दिवसा आणि रात्री हवेत पडणारा फरक हाच अभ्यासाचा विषय असल्याने रात्रीच्या नोंदी तुटल्या तर बाकीच्या नोंदींचा फारसा उपयोग राहत नाही. लॅपटॉप रोज वर्गात न्यावा लागतो, त्यामुळे हे काम त्याच्यावर होणार नाही.

हा संगणक म्हणजे तळहातावर मावणारा एक बोर्ड आहे. त्याला पडदा नाही, पंखा नाही, आवाजही नाही. तो 5 व्होल्टवर चालतो. सरासरी 5 वॅट धरले, तर चोवीस तास चालूनही महिन्याला 3.6 युनिट वीज लागते. खोलीतला छताचा पंखा याच्या कितीतरी पट वीज घेतो. हीटर, इंडक्शन यांवर बंदी का आहे हे मी जाणतो. हे यंत्र त्या प्रकारातले नाही.

तरीही खोलीत कोणी नसताना एखादी वस्तू चालू राहणे ही काळजीची बाब आहे, हे मला मान्य आहे. म्हणून या बोर्डासाठीचा मूळ अडॅप्टरच वापरेन आणि तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावेन, मल्टीप्लगमध्ये नाही. यंत्र हवेशीर डबीत, लोखंडी रॅकच्या वरच्या फळीवर राहील. आसपास कपडे, कागद, गादी काही नसेल. वीज जाऊन परत आली की ते आपोआप सुरू होते, त्यामुळे रात्री-अपरात्री कुणाला उठवावे लागणार नाही. सुट्टीत घरी जाताना ते बंद करून प्लग काढून ठेवेन.

वसतिगृहाच्या वाय-फायवर यंत्र जोडण्याआधी त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील ओळख क्रमांक, नोंदवून घ्यावा, ही विनंती. त्यावरून हॉटस्पॉट सुरू करणार नाही, डाउनलोडसाठीही ते वापरणार नाही. पासवर्डने लॉगिन बंद ठेवले आहे. माझ्या लॅपटॉपवरील डिजिटल किल्ली असल्याशिवाय कुणालाही आत शिरता येणार नाही. बाहेर जातात त्या फक्त नोंदी, आणि त्या काही किलोबाइटच्या असतात.

खोलीतील सहकाऱ्याची हरकत नाही. त्याची सही सोबत जोडली आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्रही जोडत आहे. यंत्र आपण किंवा वायरमन कधीही, न सांगता येऊन पाहू शकता. काही गैर आढळल्यास त्याच क्षणी बंद करेन.

सत्र संपेपर्यंतची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. आपली लेखी परवानगी मिळेपर्यंत यंत्र लावणार नाही.

आपला विश्वासू,
ओंकार देशमुख

सोबत: सहकाऱ्याचे संमतिपत्र, मार्गदर्शकांचे पत्र