नेहमी विचारले जाणारे प्रश्न: दलाली, व्यवहाराची पद्धत आणि कागदपत्रे

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि बावधन या भागांत मी जुन्या फ्लॅटची खरेदी-विक्री आणि भाड्याची कामे करतो. कुठल्याही बिल्डरशी किंवा मोठ्या एजन्सीशी बांधलेला नाही. फोनवर जे प्रश्न रोज येतात, त्यांची उत्तरे इथे लिहून ठेवली आहेत.

तुमची दलाली किती?

खरेदी-विक्रीत ठरलेल्या किमतीच्या १ टक्का, दोन्ही बाजूंकडून. भाड्याच्या घराला भाडेकरूकडून एका महिन्याचे भाडे आणि मालकाकडूनही तेवढेच. तोच भाडेकरू पुढे राहणार असेल तर पुन्हा दलाली नाही. नवा करार करून द्यायचे १,५०० रुपये घेतो, सरकारी खर्च वेगळा.

दोन्ही बाजूंकडून पैसे घेता, मग तुम्ही नक्की कोणाचे?

प्रश्न रास्त आहे. दोन्ही बाजूंना पहिल्याच भेटीत सांगतो की मी दोघांकडून घेणार आहे. किंमत ठरवताना दोघांना समोरासमोर बसवतो. मालकाला एक आकडा, गिऱ्हाइकाला दुसरा आणि मधला फरक आपल्या खिशात, हा प्रकार इथे होत नाही. हे पटत नसेल त्याने आपल्या बाजूने वेगळा एजंट आणावा, माझी हरकत नाही. मग मी फक्त माझ्या पक्षकाराकडून घेतो.

पैसे कधी द्यायचे? घर दाखवायचे काही लागते का?

घर दाखवायचे काहीही लागत नाही. विक्रीत निम्मी दलाली करारनाम्याची नोंदणी झाल्यावर, उरलेली ताबा मिळाल्यावर. विसार दिल्यावर व्यवहार फिसकटला तर मला काही द्यायचे नाही. भाड्याच्या घरात मात्र नोंदणीच्या दिवशी पूर्ण रक्कम घेतो.

दलालीवर जीएसटी आहे का?

माझी उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्यामुळे सध्या नाही. पावती मिळते.

महारेरा नोंदणी आहे का?

आहे, आणि एजंटांची सक्तीची परीक्षाही दिली आहे. पण एक लक्षात घ्या: ही नोंदणी महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातली घरे विकण्यासाठी लागते. पंचवीस वर्षे जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या कागदपत्रांची हमी त्या क्रमांकातून मिळत नाही. ते कागद वाचावेच लागतात.

फ्लॅट घेताना एकूण खर्च किती धरायचा?

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल तर ६ टक्के. पतीचे नाव जोडले की ही सवलत जाते. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क लागते. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार.

८० लाखांचा फ्लॅट घ्या. मुद्रांक ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, माझे ८० हजार. वकील आणि सोसायटीचा खर्च निराळा. घर पत्नीच्या एकटीच्या नावे केले तर मुद्रांकात ८० हजार वाचतात, म्हणजे माझी दलाली तिथेच निघाली. पण कर्जासाठी दोघांचे उत्पन्न धरायचे असेल तर आधी बँकेला विचारा. काही बँका दोघांचीही नावे करारात मागतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा. हा वरचा खर्च नव्हे, विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतूनच तो जातो. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हिशेब पूर्ण बदलतो आणि कपात बरीच मोठी असते. अशा वेळी सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

थोडी रक्कम रोखीत चालेल का?

नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याला धरून नाही. घेतलेल्या रकमेइतकाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. "काही काळे, काही पांढरे" अशी बोलणी जिथे सुरू होतात, तिथून मी उठतो.

विसार देण्याआधी कोणते कागद बघायचे?

माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि घाई नेमकी इथेच होते. फ्लॅट आवडला, दुसरे गिऱ्हाईक मागे लागले आहे असे कानावर आले की माणूस लाखभर देऊन मोकळा होतो. मी आधी हे मागतो:

- बिल्डरकडून घेतलेल्या पहिल्या करारापासून आजपर्यंतचे सगळे करारनामे आणि त्यांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे सरकारी उतारे. मधला एकही सुटायला नको.
- सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, आताच्या मालकाच्या नावाची नोंद असलेले.
- मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र.
- मिळकत कराची आणि वीजबिलाची ताजी पावती, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र.
- कर्ज असेल तर शिल्लक रकमेचे बँकेचे पत्र. मूळ कागद बँकेत असतील तर झेरॉक्सवर विश्वास न ठेवता बँकेत जाऊन खात्री करतो.

मालक वारले असतील तर नुसत्या नॉमिनीच्या सहीवर थांबू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सगळ्या वारसांची संमती किंवा हक्कसोडपत्र नोंदवलेले हवे. एक बहीण सासरी आहे, "तिचे काही नाही हो" असे घरचे म्हणतात. तिचेही असते.

शेवटचा शब्द वकिलाचा. तीस वर्षांचा शोध अहवाल तुमच्या वकिलाकडून घ्या. वकील मी सुचवत नाही, तो तुमचाच असावा.

विसारापासून ताब्यापर्यंत किती दिवस लागतात?

कर्ज असेल तर दीड ते दोन महिने, नसेल तर तीन आठवड्यांतही होते. कागद तपासणी, विसार पावती, बँकेची मंजुरी, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, उरलेले पैसे, ताबा, मग सोसायटीत नावबदल. विसार पावतीत मुदत आणि व्यवहार मोडल्यास पैसे परत कसे, हे लिहूनच घेतो. कर्ज नामंजूर झाल्यास विसार पूर्ण परत, ही अटही घालतो. तिला नकार देणाऱ्या मालकाकडे मी गिऱ्हाईक नेत नाही.

सोसायटी हस्तांतराचे लाखभर मागते. द्यायचे का?

महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. वर "स्वेच्छा देणगी" मागितली तर ती स्वेच्छेचीच असते. भाड्याने दिलेल्या घरावरचे बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसते.

भाडेकरार नोटरी केला तर चालतो ना? ११ महिन्यांचाच आहे.

चालत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. खर्च तरी किती? २२ हजार भाडे, एक लाख डिपॉझिट, ११ महिने: मुद्रांक सातशेच्या आतबाहेर आणि शहरात नोंदणी फी १,०००. हे घरी बसून, बोटाचे ठसे घेऊन ऑनलाइन होते. दोघांचे आधार आणि पॅन, घराचे वीजबिल किंवा इंडेक्स टू आणि दोन साक्षीदार तयार ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे काम मी त्याच दिवशी करतो.

मी अमेरिकेत आहे, पुण्यातला फ्लॅट विकायचा आहे. यावेच लागेल का?

नाही. भारतातल्या विश्वासू नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करता येते. भारतीय वकिलातीत सही करा किंवा तिथे नोटरी करून अपोस्टिल घ्या. ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे, हे बरेच जण विसरतात. मुखत्यार म्हणून मी स्वतः कधीही उभा राहत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

घरे कधी दाखवता?

सोमवार ते शनिवार संध्याकाळी पाचनंतर, रविवारी सकाळी दहा ते एक. आदल्या दिवशी वेळ ठरवा, मालकांनाही कळवावे लागते.