मनूची बादली

आजोबांच्या अंगणात कांदे तोलायचा वजनकाटा होता. त्यावर मनूने आधी स्वतःला तोललं, मग मांजराला. मांजर पळालं. उरली निळी बादली.

रिकामी बादली भरली १ किलो.

"आजोबा, पाणी किती किलोचं असतं गं?"

"मला 'गं' म्हणतेस होय!" आजोबा हसले. "ओत आणि बघ."

मनूने एक लिटरची बाटली काठोकाठ भरली आणि बादलीत रिकामी केली. काट्यावर २ आले. दुसरी बाटली, ३. तिसरी, ४. चौथी ओतायच्या आधीच ती ओरडली, "आता ५ येणार!"

आले की!

दहा बाटल्या झाल्या तेव्हा काटा ११ दाखवत होता. मनूने बोटं मोजली. अकरातून बादलीचा एक गेला, उरले दहा.

"दहा लिटर, दहा किलो! आजोबा, काटा बिघडलाय का?"

"छे गं. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलोच. पूर्वी किलो ठरवला तोच पाण्यावरून."

"मग तेलाचंही तसंच?"

आजोबांनी तेलाची एक लिटरची पिशवी काट्यावर ठेवली. एक किलो नाहीच! नव्वद ग्रॅम कमी.

"म्हणून तर तेल पाण्यावर तरंगतं," आजोबा म्हणाले.

मनू दुधाचं पातेलं आणायला आत धावली. आतून आजीचा आवाज आला, "मने, ते दूध उकळतंय! हात लावू नकोस!"