राजीनामा आणि चालू शॉट्सच्या हँडओव्हरबाबत

विश्रामबाग, सांगली
6 ऑक्टोबर 2025

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

ज्युनिअर ॲनिमेटर या पदाचा मी राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस आहे, त्याप्रमाणे 5 नोव्हेंबर हा माझा शेवटचा दिवस धरावा. शनिवारी तुमच्या केबिनपर्यंत दोनदा आले आणि पाण्याची बाटली भरून परत गेले. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आधी पत्र. समक्ष बोलायचं आहेच.

दुसऱ्या स्टुडिओत जात नाहीये. मिरजेला घरूनच फ्रीलान्स काम करायचं ठरवलंय. सिरीजच्या कामात आठवड्याला ठरलेले सेकंद द्यावेच लागतात, त्याला इलाज नाही. पण माझा हात मुळात संथ आहे, हे तुम्हीही रिव्ह्यूला हसत हसत सांगितलंय. एका शॉटवर चार दिवस जास्त बसता यावं, ही माझी ओढ. त्याची किंमत मीच मोजावी, स्टुडिओने का मोजावी? पगाराचा विचार मनात आलाच नाही असं म्हणणार नाही, पण तो नंतरचा.

आता शॉट्सचं. सातव्या एपिसोडचे पाच माझ्याकडे आहेत. sh008 आणि sh009 अप्रूव्ह झालेत, या आठवड्यात पब्लिश करते.

खरी काळजी sh012 ची, म्हणजे बैलगाडीची. 96 फ्रेम्स, 24 च्या हिशोबाने फक्त चार सेकंद, पण दोन बैल म्हणजे आठ पाय. डाव्या बैलाचा मागचा पाय 1061 ते 1068 मध्ये जमिनीवर घसरतो. कारण पायात नाही: गाडीचा वेग मी नंतर वाढवला आणि पावलाची लांबी तीच राहिली. पाय एकेक फ्रेम पकडून बसवायला गेलं तर गुडघा झटका देतो. मी दोन दिवस त्यात घालवलेत. आधी गाडीचा पुढे जाण्याचा कर्व्ह सरळ करायचा, मग पाय बघायचे. हरिपूरच्या रस्त्यावर मोबाईलवर काढलेला बैलांचा व्हिडिओ रेफरन्स फोल्डरमध्ये आहे. त्यात ट्रॅक्टरचा हॉर्न फार आहे, आवाज बंद करून बघावा. चालू फाईल ही:

```
ep07_sq04_sh012_anim_v11.ma
```

v10 मध्ये जुना रिग आहे, ती कुणी उघडू नये.

sh015 मध्ये आजी सुपात तांदूळ पाखडते. स्प्लाइन झालंय, पॉलिश बाकी. सूप उजव्या हाताला बांधलंय आणि डावा हात सुपाला. त्यामुळे कीफ्रेम्स फक्त उजव्या हातावर द्यायच्या. चुकून डाव्यावर दिली की चॅनेल बॉक्समध्ये blendParent1 दिसायला लागतं. ते 0 झालं की आजीचा हात सुपातून सुटून हवेत राहतो. माझ्याकडून एकदा झालंय, तेही नेमकं रिव्ह्यूच्या आदल्या रात्री. बाकी, पाखडताना ती खांद्यातून नाही, मनगटातून झटका देते. आमच्या आजीला समोर बसवून बघितलंय, तेवढं पॉलिश करताना पुसलं जाऊ नये ही विनंती.

sh021 ला मी हात लावलेला नाही, लेआउटच आहे. संवाद पुन्हा रेकॉर्ड झाल्यामुळे तो 9 फ्रेम्सनी वाढलाय, एवढं एडिटिंगला कळवलंय. तो आत्ताच दुसऱ्या कुणाला दिलेला बरा. मी सुरू करून अर्धवट टाकण्यात अर्थ नाही.

sh012 मी दिवाळीच्या सुट्टीआधी पुरा करते. sh015 सुमितने घ्यावा असं मला वाटतं, त्याला आजीचा रिग माहीत आहे. अर्थात निर्णय तुमचा. सुट्टीनंतर तीन दिवस त्याच्या शेजारी बसून फाईल दाखवीन. 5 तारखेनंतरही या पाच शॉट्सबद्दल फोन आला तर उचलीन आणि एखादी छोटी दुरुस्ती असेल तर त्याचे पैसे लावणार नाही. नवा शॉट द्यायचा झाला, तर मात्र फ्रीलान्सरशी बोलतात तसं बोलावं!

माझ्याकडचा पेन टॅब्लेट, हार्ड डिस्क आणि कपाटाची किल्ली शेवटच्या दिवशी ॲडमिनकडे देते. घरच्या कॉम्प्युटरवर स्टुडिओची एकही फाईल ठेवणार नाही. एपिसोड प्रसारित झाल्यावर माझे शॉट्स शोरीलमध्ये वापरायची लेखी परवानगी आणि अनुभवाचा दाखला मिळावा. शिल्लक सात रजांचा हिशोबही शेवटच्या पगारात व्हावा.

इथे आले तेव्हा मला उडी मारणारा चेंडूसुद्धा धड करता येत नव्हता. तुम्ही तो अकरा वेळा परत पाठवला होता. अकराही फाईल्स मी जपून ठेवल्यात (त्या माझ्या सरावाच्या आहेत, स्टुडिओच्या नव्हेत).

भेटीसाठी उद्या दुपारी चहाच्या वेळी येऊ का?

आपली विश्वासू,
प्रणाली
ज्युनिअर ॲनिमेटर