आजचा डबा आणि घरचे स्वयंपाकघर
(इयत्ता सातवीच्या भूगोलाच्या तासाला वर्गात बोलून दाखवण्यासाठी, शाळा वाईची, दिवस सप्टेंबरमधले)

मुलांनो, वह्या मिटून ठेवा. पुढची काही मिनिटे लिहायचे काहीच नाही. फक्त ऐकायचे आहे आणि मधूनमधून आपापल्या दप्तरातल्या डब्याची आठवण काढायची आहे. मधल्या सुट्टीला अजून अर्धा तास आहे हे मलाही ठाऊक आहे, तेवढी कळ काढा.

आज आपल्याला ‘हवा’ आणि ‘हवामान’ या दोन शब्दांतला फरक समजून घ्यायचा आहे. मराठीत हे शब्द जरा त्रास देतात. आपल्या पुस्तकात हवा म्हणजे एखाद्या ठिकाणच्या वातावरणाची त्या वेळची, थोड्या काळापुरती स्थिती, आणि हवामान म्हणजे त्याच ठिकाणी वर्षानुवर्षे अनुभवाला येणारी सरासरी स्थिती. पण दूरदर्शनवर ‘उद्याचे हवामान’ सांगतात, तेव्हा ते खरे तर उद्याची हवा सांगत असतात. आणि घरी कोणी ‘आजोबांना मुंबईची हवा मानवत नाही’ असे म्हणते, तेव्हा ती तक्रार हवेबद्दल नसून हवामानाबद्दल असते. बोलताना ही अदलाबदल चालून जाते, मात्र भूगोलाच्या तासाला आपण पुस्तकातलेच अर्थ धरू.

आता डब्याकडे येऊ. तुमच्या शेजारी बसणाऱ्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या डब्यात आज काय आहे, हे झाकण उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. पोळी आणि भेंडीची भाजी असेल, काल रात्रीचा भात फोडणी देऊन आणलेला असेल, घरी कोणाचा वाढदिवस होऊन गेला असेल तर शिऱ्याचा घास असेल. ही झाली हवा. पण गेली दोन वर्षे तुम्ही त्याच बाकावर बसत असाल, तर त्या घरचा डबा साधारण कसा असतो, तिखट की गुळचट, भाकरीचा की भाताचा, लोणचे असते की चटणी, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. हे झाले हवामान. एका दिवशी डब्यात पुरणपोळी निघाली म्हणून त्या घरी रोज पुरण शिजते असे कोणी म्हणत नाही, आणि एका दिवशी भाजी खारट झाली म्हणून त्या माऊलीला स्वयंपाक येत नाही असेही कोणी म्हणत नाही.

तर मग ‘साधारण’ असे म्हणायला किती दिवसांचे डबे बघायला हवेत? आठवडाभराचे पुरणार नाहीत, कारण तो आठवडा नेमका गणपतीचा असला तर तुम्हाला वाटेल की या घरात मोदकांशिवाय काही खात नाहीत. हवामानासाठी शास्त्रज्ञांनी तीस वर्षांचा काळ ठरवून घेतला आहे. तीस वर्षांचे तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता यांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे त्यात ओली वर्षेही येतात, कोरडी वर्षेही येतात, आणि त्या ठिकाणचा एकंदर स्वभाव दिसू लागतो. आपण जूनपासून शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला आहे आणि दोघे दोघे जाऊन सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजतो. साडेआठच का, तर भारतीय हवामान विभागही मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळेला मोजतो. भिंतीवरच्या त्या तक्त्यातला एकेक आकडा ही त्या त्या दिवसाची हवा आहे. वाईचे हवामान सांगण्यासाठी तुमच्यानंतर सातवीत येणाऱ्या एकोणतीस तुकड्यांनी तो तक्ता चालू ठेवावा लागेल.

एकेक घर आणि त्याची चव वेगळी असते, तसेच जागेचेही असते. आपण वाईत बसलो आहोत. पसरणीचा घाट चढून, पाचगणी ओलांडून महाबळेश्वरला गेलो, तर अंतर पस्तीस किलोमीटरसुद्धा भरत नाही. पण तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो आणि आपल्याकडे त्याच्या कितीतरी कमी. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर चढताना थंड होतात, बाष्पाचे पाणी होते आणि ते घाटमाथ्यावर कोसळते. तेच वारे पलीकडे उतरताना तापतात आणि कोरडे होतात. डोंगर जागचा हलत नाही, समुद्र हलत नाही, म्हणून हा फरक एका वर्षाचा नसून कायमचा आहे, म्हणजेच तो हवामानातला फरक आहे.

याच्या उलट एका दिवसाचे उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एरवी तिथे जवळजवळ सबंध जुलैत पडतो तेवढा. त्याच दिवशी त्याच शहरात, कुलाब्याला, शंभर मिलिमीटरही झाला नाही. दोन्ही ठिकाणचे हवामान पुष्कळसे सारखे, पण त्या दिवशीची हवा पाहा. तुमच्यापैकी ज्यांचे काका-मामा तेव्हा मुंबईत होते, त्यांना विचारा.

मागच्या आठवड्यात मागच्या बाकावरून एक प्रश्न आला होता आणि तो चांगला होता: दहा दिवसांनंतरचा पाऊस जर नक्की सांगता येत नाही, तर पन्नास वर्षांनंतरचे हवामान कसे सांगतात? डब्यालाच विचारू. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला तुमच्या मित्राच्या डब्यात कोणती भाजी असेल, हे मला सांगता येणार नाही. पण त्याच्या घरी श्रावणी सोमवार पाळतात हे मला माहीत असेल, तर पुढच्या वर्षीच्या श्रावणातल्या सोमवारी डब्यात साबुदाण्याची खिचडी असण्याची शक्यता बरीच आहे, हे मी आजच सांगेन. रोजची भाजी शंभर लहानसहान गोष्टींवर ठरते, मंडईत काय मिळाले इथपासून. उपवास मात्र एका मोठ्या कारणावर ठरतो. जूनमध्ये पाऊस येणार हे आपण असेच सांगतो, कारण उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि वारे दिशा बदलतात. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वीची सरासरी उष्णता वाढते, हेही असेच मोठे कारण आहे.

आता समजा, एखादे कुटुंब रत्नागिरीहून सोलापूरला राहायला गेले. दुसऱ्याच दिवशी भात बंद होणार नाही. कधी भात, कधी भाकरी असे चालेल; पण काही वर्षांचा हिशेब मांडला तर भाकरीचे दिवस वाढलेले दिसतील. हवामानातला बदल असाच दिसतो. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोहोचला, नेहमीची तारीख ११ जून असताना. एवढ्यावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. पृथ्वीचे सरासरी तापमान मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत एका अंशाहून जास्त वाढले आहे, आणि ते एका उन्हाळ्यावरून काढलेले अनुमान नाही, अनेक दशकांच्या नोंदींवरून काढलेले आहे. म्हणून यंदा डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली, तरी त्याने हा हिशेब खोटा ठरत नाही. सोलापुरातही एखाद्या दिवशी भात शिजतोच.

ही तुलना एका जागी लंगडते, तेही सांगून टाकतो. डबा कोणीतरी ठरवून भरते, वाऱ्याला कोणी तसे सांगत नाही.

आता मी चार वाक्ये म्हणतो. हवेबद्दल असेल तर उजवा हात वर करा, हवामानाबद्दल असेल तर डावा. ‘काल संध्याकाळी मेणवलीला गारा पडल्या.’ ‘कोकणात घरांची छपरे उतरती असतात.’ ‘उद्या दुपारनंतर ढगाळ राहील.’ आणि चौथे, जरा विचार करून: ‘पूर्वीइतकी थंडी आता पडत नाही, असे आजी म्हणते.’ चौथ्याला निम्म्या वर्गाचे दोन्ही हात वर आहेत. ठीक आहे, आजीला किती वर्षांची थंडी आठवते आणि त्या वर्षांच्या नोंदी कुठे मिळतील, ते सुट्टीनंतर बघू. आधी डबे उघडा.